इग्नूच्या असाइनमेंटची ३१ मार्च : पहिल्यांदा परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, घणसोलीहून

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने यंदा इग्नूला एमए समाजशास्त्राला ॲडमिशन घेतली आणि परवा लिफ्टमध्ये विचारलं, की ताई, परीक्षा जूनमध्ये आहे ना, मग असाइनमेंट मे महिन्यात दिल्या तरी चालतील ना. तिला लिफ्ट आठव्या मजल्यावर जाईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहिते, कारण मी स्वतः जुलै २०२४ च्या सत्रात हाच एमए घेतला होता आणि एका विषयात स्वतःच्याच वेंधळेपणामुळे चांगली अडकले होते.

आधी एक गोष्ट क्लियर करून घ्या. हे सगळं इग्नूबद्दल आहे. ठाणे-नवी मुंबईत बरेच जण नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकतात, काही मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून, त्यांचं वेळापत्रक वेगळं, नियम वेगळे. ऑफिसमधली मैत्रीण 'आमच्याकडे असं नसतं' म्हणाली म्हणून तिचं ऐकून बसू नका, ती दुसऱ्या विद्यापीठाची असते.

अट नेमकी काय आहे

इग्नूमध्ये प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात, घरी लिहून द्यायची असाइनमेंट आणि सत्रांत परीक्षा. एमए समाजशास्त्राला असाइनमेंटचं वजन ३० टक्के आणि परीक्षेचं ७० टक्के. आता ३० म्हटल्यावर लोकांना वाटतं की सोडली तर सोडली, ७० मध्ये काढू मार्क. तसं होत नाही. दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, एमएला दोन्हीकडे किमान ४० टक्के, आणि त्या विषयाची असाइनमेंट दिलेली असल्याशिवाय त्या विषयाच्या परीक्षेला बसायचा तुम्हाला हक्कच नाही, असा प्रोग्राम गाईडमध्ये नियम आहे.

गंमत अशी, की हा नियम तुम्हाला दारात कोणी अडवून सांगत नाही. एक्झाम फॉर्म ऑनलाइन भरताना तुम्हीच टिक करून कबूल करता की मी अटी पूर्ण केल्यात, पैसे भरता (आमच्या वेळी थिअरीच्या विषयामागे २०० रुपये, म्हणजे चार विषयांचे ८००, आणि मुदत गेली की वर ११०० लेट फी), आणि काही आठवड्यांनी हॉल तिकीट डाउनलोड होतं. हॉल तिकिटावर चारही विषय दिसले की माणूस निर्धास्त होतो. पण हॉल तिकीट निघालं म्हणजे असाइनमेंट पोचली, तपासली आणि मार्क चढले असा त्याचा अर्थ नाही. पेपर देऊन याल, पेपरात ५५ पडतील, आणि ग्रेड कार्डवर त्या विषयापुढे `NOT COMPLETED` असंच राहील. परीक्षेच्या दिवशी कळत नाही, रिझल्टच्या दिवशी कळतं, म्हणून हे इतकं फसवं आहे.

तुमची तारीख कोणती ते शोधा

एमए समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास असे जे वर्षावर चालणारे कोर्स आहेत त्यांच्यात जुलै सत्रात ॲडमिशन घेतलेल्यांची पहिली परीक्षा पुढच्या जूनमध्ये, आणि असाइनमेंटची तारीख ३१ मार्च. जानेवारीत ॲडमिशन घेतलेल्यांची परीक्षा त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, आणि तारीख ३० सप्टेंबर. एमसीए वगैरे सेमिस्टरवाल्यांच्या तारखा वेगळ्या असतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, तुमच्या असाइनमेंट पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तारीख छापलेली असते ती बघा. पुस्तिका `ignou.ac.in` वर पीडीएफ मिळते, घरपोच येत नाही, पोस्टाने येतात ती अभ्यासाची पुस्तकं. पोस्टातल्या गठ्ठ्यात असाइनमेंट सापडेल म्हणून डिसेंबरपर्यंत वाट बघणारे लोक मी पाहिलेत.

पुस्तिका डाउनलोड करताना वर्ष बघा. प्रत्येक असाइनमेंटला एक कोड असतो आणि कोडच्या शेवटी वर्ष असतं. मागच्या वर्षीची पुस्तिका गुगलवर आधी सापडते, प्रश्न जवळजवळ सारखे वाटतात, आणि माणूस चाळीस पानं लिहून बसतो. जुन्या वर्षाची असाइनमेंट सेंटरने परत केली तर तक्रार करायलाही जागा नसते.

मुदतवाढीचं काय, हा प्रश्न येणारच. होय, इग्नू बऱ्याचदा मुदत वाढवते, वेबसाइटवर नोटीस येते, आणि जुने विद्यार्थी शप्पथ घेऊन सांगतात की ३१ मार्च ही खरी तारीख नसतेच. माझं मत विचाराल तर मुदतवाढ आली तर ती दुरुस्तीसाठी वापरायची, लिहायला सुरुवात करण्यासाठी नाही. नोटीस येईपर्यंत ती नसते. आणि एक असंही असतं की मुदत वाढली तरी स्टडी सेंटरवर तपासणारे तेच तेवढेच, सगळ्यांचे गठ्ठे एकदम पडतात आणि मार्क चढायला उशीर होतो.

कॅलेंडर उलटं लावा

माझंच उदाहरण घ्या. माझी तारीख ३१ मार्च २०२५, सोमवार. मी वागळे इस्टेटला एका कंपनीत अकाउंट्स बघते, म्हणजे ३१ मार्च म्हणजे काय ते मी सांगायला नको, ठाण्यातल्या निम्म्या नोकरदारांना ते माहीत आहे. त्या वर्षी तर गंमत अशी होती की २९ ला शनिवार, ३० ला रविवार आणि गुढीपाडवा, आणि ३१ ला रमझान ईद. स्टडी सेंटर हे एखाद्या कॉलेजमध्ये चालतं, तिथले लोक कॉलेजचेच असतात आणि सेंटर बरेच ठिकाणी फक्त शनिवार-रविवार किंवा संध्याकाळी ठराविक तास उघडं असतं. म्हणजे कागदावर ३१ तारीख, पण प्रत्यक्षात माझ्यासाठी खिडकी उघडी असायची शेवटची खात्रीची वेळ शनिवार २२ मार्च होती, कारण २९ चा शनिवार हा सणाच्या आदल्या दिवशीचा, आणि मी जाऊन बंद दार बघून आले असते तर पुढे काहीच शिल्लक नव्हतं. म्हणून पहिलं काम हे करा की कॅलेंडर उघडून तारखेच्या आधीचे दोन शनिवार-रविवार बघा, सण बघा, सेंटरला फोन करून वार आणि वेळ विचारा, आणि त्यातला आधीचा शनिवार हीच तुमची तारीख धरा.

मग काम मोजा. पहिल्या वर्षाचे चार विषय, `MSO-001` ते `MSO-004`. प्रत्येकाची एक असाइनमेंट, त्यात पाच उत्तरं लिहायची, साधारण पाचशे शब्दांचं एकेक, वीस मार्कांचं. म्हणजे एकूण वीस उत्तरं, दहा हजार शब्द, आणि तेही हाताने, कारण असाइनमेंट हस्तलिखितच द्यावी लागते. फुलस्केपच्या एका पानात माझ्या अक्षराने दोनशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे पन्नास पानं. वाचून, मुद्दे काढून, लिहून एका उत्तराला मला दीड तास लागायचा. तीस तास. आठवड्याला तीन उत्तरं पकडली तर सात आठवडे, म्हणजे २२ मार्चला द्यायचं असेल तर जानेवारीच्या शेवटी सुरुवात पाहिजे. मी सुरुवात केली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि शेवटचे दोन विषय रात्री एकपर्यंत जागून लिहिले, त्याचा परिणाम पुढे सांगतेच.

वाचन मात्र ट्रेनमध्ये होतं हे खरं. घणसोली ते ठाणे पंधरा-वीस मिनिटं, सकाळी उभं राहून काही होत नाही पण परतताना ठाण्यालाच गाडी लागते त्यामुळे कधीकधी बसायला मिळतं, तेव्हा प्रश्नाशी संबंधित युनिटमध्ये पेन्सिलने खुणा करायच्या आणि लिहायचं घरी.

भाषेबद्दल एक. या एमएची माध्यमं इंग्लिश आणि हिंदी आहेत, मराठी नाही. आपल्यातले बरेच जण हिंदी घेतात, लिपी तीच म्हणून सोपं वाटतं, आणि मग उत्तरात 'आणि' आणि 'म्हणून' घुसतात. फॉर्मवर जे माध्यम दिलंय त्यातच लिहा, अर्धं इंग्लिश अर्धं हिंदी असं करू नका.

रेडीमेड सोडवलेल्या असाइनमेंट विकत मिळतात, पीडीएफही फिरतात. तुम्ही जो उतारा उतरवताय तोच त्या सेंटरवर आणखी दहा जणांनी उतरवलेला असतो आणि तपासणारी व्यक्ती तीच असते. शब्दशः सारखी उत्तरं दिसली की असाइनमेंट नाकारली जाऊ शकते, आणि नाकारली म्हणजे तुमची ती तारीख गेली.

पहिलं पान

चार विषय, चार वेगळे गठ्ठे, प्रत्येकाचं पहिलं पान वेगळं. त्यावर एनरोलमेंट नंबर, नाव, पत्ता, तारीख, प्रोग्रामचं नाव, विषयाचा कोड आणि नाव, असाइनमेंटचा कोड, स्टडी सेंटरचा कोड आणि सही. डाव्या बाजूला चांगला समास सोडा, शेरे लिहायला जागा लागते, आणि दोन उत्तरांमध्ये थोडी जागा ठेवा. प्रश्न लिहून मग उत्तर लिहा, नुसता नंबर टाकू नका. प्लास्टिकचं फोल्डर, स्पायरल बाइंडिंग वगैरे काही लागत नाही, टॅगने बांधलं की झालं.

आता माझा पराक्रम. रात्री साडेबाराला मी चारही पहिली पानं एकदम बनवायला बसले, एक लिहायचं, त्यावरून दुसरं उतरवायचं. `MSO-004` च्या पानावर विषयाचं नाव बरोबर लिहिलं, भारतातलं समाजशास्त्र, पण कोड वरून उतरवताना `MSO-003` चाच राहिला. आत उत्तरं चारची, वर कोड तीनचा. २२ मार्चला गठ्ठे देऊन आले, हॉल तिकिटावर चारही विषय आले, जूनमध्ये चारही पेपर दिले. रिझल्ट लागला तेव्हा तीन विषय `COMPLETED` आणि चौथ्यात पेपरचे मार्क आहेत, असाइनमेंटच्या रकान्यात नुसती रेघ.

म्हणून पहिली पानं वेगवेगळ्या वेळी लिहा, आणि सगळं बांधून झाल्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पुस्तिका हातात देऊन कोड वाचायला सांगा. माझ्या नवऱ्याने हे दहा मिनिटांत केलं असतं. तो जागाच होता, मॅच बघत.

जमा करताना

आधी फोटो. प्रत्येक गठ्ठ्याचं पहिलं पान आणि आतलं प्रत्येक पान मोबाइलवर स्कॅन करा, विषयाप्रमाणे चार पीडीएफ. गठ्ठा हरवला तर हीच तुमची प्रत आहे.

मग सेंटर. आपल्याकडचे विद्यार्थी मुंबई विभागीय केंद्राखाली येतात, पण असाइनमेंट द्यायची ती तुम्हाला ॲडमिशनच्या वेळी मिळालेल्या स्टडी सेंटरला, घराजवळचं दुसरं सेंटर आहे म्हणून तिथे नाही. प्रत्यक्ष नेऊन द्यायची की ऑनलाइन अपलोड करायची हे सत्रागणिक बदलू शकतं, म्हणून जायच्या आधी विभागीय केंद्राच्या पानावरची नोटीस वाचा आणि सेंटरला विचारा. ऑनलाइन असेल तर हस्तलिखित पानं स्कॅन करून एका विषयाची एक फाइल, आणि सबमिट झाल्यावर जो मेसेज येतो त्याचा स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असा.

हातात देताय तर पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी घरूनच एक कागद बनवून नेला होता, दोन प्रती, त्यावर नाव, एनरोलमेंट नंबर आणि चार ओळींत चार विषयांचे कोड. तिथल्या सरांनी एकावर शिक्का, सही, तारीख मारून मला दिली. 'एकूण ४ असाइनमेंट मिळाल्या' एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका, कोणत्या चार ते लिहिलेलं पाहिजे. माझं पुढे जे सुटलं ते त्या एका ओळीमुळे.

हे सगळं चालू असतानाच मार्च-एप्रिलच्या सुमारास एक्झाम फॉर्म सुरू होतो आणि तो वेगळा भरावा लागतो. असाइनमेंट दिली म्हणून परीक्षेला नाव आपोआप जात नाही, आणि फॉर्म भरला म्हणून असाइनमेंट माफ होत नाही. ज्या विषयाची असाइनमेंट खरंच होणार नाहीये तो विषय फॉर्ममध्ये टाकू नका, तेवढे २०० रुपये आणि एक दिवसाची रजा वाचते. दुसऱ्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन ही तिसरी गोष्ट, ती पास-नापासवर अवलंबून नाही, पण तिचीही तारीख असते.

तारीख चुकलीच तर

वर्ष वाया जात नाही, सहा महिने जातात. एमएच्या पुस्तिकेवर बहुतेक वेळा जुलै आणि पुढच्या जानेवारीचं सत्र एकत्रच छापलेलं असतं. जुलैवाल्याचा ३१ मार्च हुकला तर पुस्तिकेवर दोन्ही सत्रं आहेत ना हे बघून तीच असाइनमेंट ३० सप्टेंबरपर्यंत देऊन डिसेंबरच्या परीक्षेला बसता येतं. त्याच्याही पुढे गेलात की नवीन पुस्तिका आणि नवीन प्रश्न.

चारातले दोनच विषय झालेत? मग दोनच द्या. ३१ मार्चला चार अर्धवट देण्यापेक्षा दोन नीट द्या आणि दोनच पेपरांचा फॉर्म भरा. उलटही चालतं, असाइनमेंट दिली पण जूनमध्ये आजारी पडलात आणि पेपर देता आला नाही, तर असाइनमेंटचे मार्क जमा राहतात, डिसेंबरला फक्त पेपर द्यायचा, परत लिहायची नाही.

इथे लोकांचा हिशोबात गोंधळ होतो म्हणून आकड्यात सांगते. समजा असाइनमेंटला ८० आणि पेपरला ३८. ८० चे ३० टक्के २४, ३८ चे ७० टक्के २६.६, एकूण ५०.६. बेरीज पासाची दिसते, पण पेपरमध्ये ४० नाहीत म्हणून विषय अपूर्ण. अशा वेळी फक्त पेपर पुन्हा द्यायचा, ८० तसेच राहतात. असाइनमेंटमध्येच ४० च्या खाली गेलात तर मात्र ती त्या वेळच्या चालू पुस्तिकेवरून नव्याने लिहायची. आणि पास झालेली असाइनमेंट मार्क वाढवायला परत देता येत नाही, तेव्हा घाईघाईत ४२ घेऊन ठेवू नका, ते ४२ कायमचे.

मार्क चढले का ते बघा, आणि नाही चढले तर

`gradecard.ignou.ac.in` वर एनरोलमेंट नंबर आणि प्रोग्राम टाकला की तक्ता येतो. असाइनमेंटचा रकाना, थिअरीचा रकाना, शेवटी स्टेटस. सेंटरने तपासून मार्क विभागीय केंद्राकडे आणि तिथून दिल्लीला जातात, म्हणून द्यायच्या दुसऱ्या आठवड्यात रेघ दिसली तर घाबरू नका. पण तुमच्या वर्गातल्या बाकीच्यांचे चढलेत आणि तुमच्या एकाच विषयात रेघ आहे, तर ते थांबण्यासारखं नाही. मी जुलैपर्यंत 'येतील येतील' करत बसले, कारण तीन विषयांचे आले होते. एका विषयात रेघ असणं हेच चुकीचं लक्षण होतं, सगळ्यांचीच रेघ असती तर तो नुसता उशीर असता.

आधी सेंटरला जा, तक्रार पोर्टलवर नंतर. मी शनिवारी पावती, पहिल्या पानाचा प्रिंट आणि ग्रेड कार्डाचा प्रिंट घेऊन गेले. रजिस्टर काढलं तर माझ्या नावापुढे `MSO-003` दोनदा, `MSO-004` कुठेच नाही. पावतीवर मात्र चारही कोड होते आणि स्कॅनमध्ये आतले प्रश्न चारचे होते हे दिसत होतं. सरांनी आधी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, मग गठ्ठा शोधला, कोड दुरुस्त केला आणि मार्कांची सुधारित यादी पुढे पाठवतो म्हणाले. मी त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर सही घेतली, आणि विभागीय केंद्रालाही पावतीच्या स्कॅनसकट ईमेल टाकला. सप्टेंबरमध्ये रेघेच्या जागी ६४ आले.

सेंटरवर काम झालं नाही तर `igram.ignou.ac.in` हे इग्नूचं तक्रार पोर्टल आहे. तिथे 'माझे मार्क आले नाहीत' एवढंच लिहिलं तर उत्तर येतं की स्टडी सेंटरशी संपर्क साधा. एनरोलमेंट नंबर, प्रोग्राम, विषयाचा कोड, कोणत्या सत्राची असाइनमेंट, जमा केल्याची तारीख, सेंटरचा कोड, आणि पावतीचा फोटो, एवढं एकाच वेळी टाका. एका तक्रारीत एकच विषय. तक्रारीचा नंबर पावतीच्या मागेच लिहून ठेवा, आणि ती पावती डिग्री हातात येईपर्यंत जपा. माझी अजून वीजबिलांच्या फाइलमध्ये आहे.